फक्त ‘जी’ वाजला की गिटार घुमते: थ्रेशोल्ड शेजारच्या स्वरांवरून कसा लावायचा

एक गिटार, एक आवाज आणि घरातल्या खोलीत केलेलं रेकॉर्डिंग. गाण्यात चारच कॉर्ड आहेत : जी, ई मायनर, सी आणि डी. सी आणि डी स्वच्छ येतात, ई मायनरही ठीक वाटते. पण जी कॉर्ड आली की खालून ‘घूं’ असा फुगवटा येतो, शब्द त्याखाली दबतात आणि पुढची कॉर्ड लागली की तो आपोआप नाहीसा होतो. इक्वलायझरने खालचा भाग कमी केला तर जी सुधारते, पण बाकीच्या तिन्ही कॉर्ड पातळ होतात. कॉम्प्रेसर लावला तर जी वाजताना अख्खी गिटारच मागे जाते. या दुखण्यावर डायनॅमिक इक्वलायझर किंवा मल्टीबँड कॉम्प्रेसर वापरतात. मात्र दोन्ही यंत्रांना स्वर कळत नाही, त्यांना फक्त एका पट्ट्यातली पातळी कळते, आणि ती ठरवलेल्या रेषेच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर गेली की ती यंत्रं तो पट्टा दाबतात. पुढचा सगळा खटाटोप या एका मर्यादेभोवती फिरतो.

जीच का?

अकूस्टिक गिटारचं पोट आणि त्यातलं भोक मिळून बाटलीसारखं काम करतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच ठरावीक स्वरात बोलते, तसाच गिटारच्या पोटातल्या हवेचाही एक लाडका स्वर असतो. ड्रेडनॉटसारख्या मोठ्या गिटारमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सापडतो. वरच्या फळीचा स्वतःचा एक अनुनाद २०० हर्ट्झच्या आसपास असतो. आता सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी बघा : ९८ हर्ट्झ. त्याचा दुसरा हार्मोनिक १९६ हर्ट्झ. म्हणजे एकाच स्वराचे पहिले दोन हार्मोनिक गिटारच्या दोन्ही दुखऱ्या जागांवर जाऊन बसतात. आणि नेमकी हीच तार जी कॉर्डचा पाया आहे.

उलट सी कॉर्डचा सर्वांत खालचा स्वर १३०.८ हर्ट्झ आणि डीचा १४६.८, दोन्ही त्या जागेच्या बरेच वर. ई मायनरचा पाया ८२.४, तो खाली राहतो. ए वाजवला तर ११०, म्हणजे शेजारी, पण नेमका त्या जागेवर नाही. म्हणून घुमते ती एकटी जी.

याची खातरजमा कॅपोने सहज होते. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जीच्याच आकाराची कॉर्ड वाजवा. बोटं तीच, पण खालचा स्वर आता ए झाला, आणि घुमणं बऱ्यापैकी उतरलेलं दिसेल. तोच कॅपो ठेवून एफचा बार कॉर्ड धरला तर खालचा स्वर पुन्हा ९८ हर्ट्झवर येतो आणि घूंही परत येतं. दोष कॉर्डचा नाही, हाताचाही नाही, त्या एका वारंवारतेचा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. अनुनाद हा ‘जोरात वाजवलं की येतो आणि हळू वाजवलं की जातो’ असा प्रकार नाही. गिटारचं पोट जीला जेवढे डेसिबल चढवतं तेवढेच चढवतं, मग तुम्ही हळू छेडा की जोरात. हळू वाजवताना तो खटकत नाही, कारण कमी पातळीला आपला कान खालचे स्वर मुळातच कमी ऐकतो. मग डायनॅमिक उपाय कशासाठी, कायमचा कट का नको? त्याचं कारण शेजारी आहेत. क्यू म्हणजे बँड किती अरुंद ते सांगणारा आकडा, जेवढा मोठा तेवढा बँड अरुंद. ९८ हर्ट्झवर क्यू ४ ठेवून ६ डेसिबलचा साधा बेल कट लावला, तर ११० हर्ट्झवरचा ए सुमारे ३ डेसिबलने आणि ८२ हर्ट्झवरचा ई सुमारे २ डेसिबलने खाली जातो. ज्यांचा काही दोष नाही त्यांनाही गाणं संपेपर्यंत शिक्षा. डायनॅमिक इक्वलायझर तोच कट जीच्या वेळेपुरता लावतो.

हेही खरं, की गाण्यात ए नसेल, ई मायनर एखाद्याच ठिकाणी असेल, तर क्यू ८ चा अरुंद साधा कट पुरतो आणि डायनॅमिक काही लावायची गरज नाही. तसंच गाण्यात बेस गिटार आणि ड्रम असतील तर गिटारला ११० किंवा १२० हर्ट्झवर हाय-पास लावून मोकळे व्हा. तिथे गिटारच्या खालच्या हार्मोनिकची जागा बेसने घेतलेली असते, कोणाला काही कमी वाटणार नाही. खाली जे सांगितलं आहे ते गिटार जवळजवळ एकटी आहे आणि तिचा खर्ज हवाच आहे, अशा गाण्यासाठी.

आधी मोजा, आणि नीट मोजा

घुमणारी जागा शोधायची रूढ पद्धत म्हणजे अरुंद बँड १०–१२ डेसिबलने वर उचलायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवत ‘वाईट’ वाटेल तिथे थांबायचं. या पद्धतीवर विसंबू नका. एवढा अरुंद आणि एवढा उंच बँड कुठेही नेला तरी वाईटच ऐकू येतो. अर्ध्या तासात सहा ठिकाणी कट लागतात आणि गिटार पुठ्ठ्याच्या डब्यासारखी होते.

त्याऐवजी तीच गिटार, तोच माईक, तीच जागा ठेवून सहाव्या तारेवर मोकळ्या ईपासून सुरुवात करा आणि एकेक फ्रेट चढत सातव्या फ्रेटच्या बीपर्यंत स्वर वाजवा. प्रत्येक स्वर सारख्या जोराने, दोन-दोन सेकंद थांबून. मग स्पेक्ट्रम ॲनलायझरवर प्रत्येक स्वराच्या मूळ वारंवारतेची उंची लिहून काढा. वीस मिनिटांचं काम आहे, पण कोणता स्वर शेजाऱ्यांपेक्षा किती डेसिबल वर आहे ते कागदावर येतं. घुमारा खरंच एका स्वराचा आहे की एफपासून एपर्यंत सगळ्या टापूचा, हेही इथेच समजतं, आणि पुढे कोणतं यंत्र उचलायचं ते त्यावरून ठरतं.

ॲनलायझरची एक सेटिंग इथे दगा देते. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलवर एफएफटीचा आकार, म्हणजे एका वेळी मोजायच्या नमुन्यांची संख्या, ४०९६ असेल, तर आलेखातला प्रत्येक टप्पा ११.७ हर्ट्झ रुंद असतो. जी आणि ए यांच्यात अंतरच १२ हर्ट्झचं आहे. म्हणजे दोघे एकमेकांत मिसळून दिसणार आणि तुम्ही भलत्याच जागी बँड लावणार. आकार १६३८४ करा. मग टप्पा सुमारे ३ हर्ट्झचा होतो आणि लागून असलेले स्वरही वेगळे दिसतात. आलेख थोडा सुस्त हलतो, पण इथे घाई कोणालाच नाही.

आणखी एक खात्री करून घ्यायची : घुमतंय ते रेकॉर्डिंग, की तुमची ऐकण्याची खोली? समोरासमोरच्या दोन भिंतींत ३.५ मीटर, म्हणजे साधारण साडेअकरा फूट अंतर असेल, तर त्या खोलीचा दुसरा अनुनाद बरोबर ९८ हर्ट्झवर पडतो. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या कित्येक बेडरूम याच मापाच्या आसपास असतात. अशा खोलीत मधोमध बसून ऐकलं तर प्रत्येक गाण्याचा जी घुमणार, मग तो कुठेही रेकॉर्ड झालेला असो. हेडफोन लावून ऐका. हेडफोनवर घूं नाहीसं झालं आणि ॲनलायझरवरही जी इतरांच्या बरोबरीने दिसला, तर फाइलला हात लावू नका, खुर्ची हलवा. भिंतीपासून सुमारे ८७ सेंटिमीटरवर तो अनुनाद सर्वांत कमी ऐकू येतो.

रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर माईकही तपासा. भोकाकडे रोखलेला माईक पोटातल्या हवेचाच आवाज सर्वाधिक घेतो, शिवाय कार्डिऑइड माईक जवळ नेला की खालचे स्वर आणखी फुगतात. माईक बाराव्या फ्रेटसमोर, २५–३० सेंटिमीटरवर आणला की जी आणि ए यांच्यातली दरी तिथेच काही डेसिबलने कमी होते. जे तिथे झालं ते नंतर करावं लागत नाही.

मल्टीबँड की डायनॅमिक?

मल्टीबँड कॉम्प्रेसर आवाजाचे क्रॉसओव्हरने तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा वेगळा दाबतो आणि पुन्हा जोडतो. समजा ८० ते १२५ हर्ट्झ असा एक तुकडा केला. त्यात ई, एफ, जी, ए, बी सगळे एकाच घरात राहायला आले. जीने थ्रेशोल्ड ओलांडला की सगळं घर खाली जातं, आणि एने जोर केला तरी सगळं घर खाली जातं. कोणी आवाज केला याची कॉम्प्रेसरला पर्वा नसते.

डायनॅमिक इक्वलायझरमध्ये बँड घंटेच्या आकाराचा असतो आणि बहुतेकांत मोजमापही त्याच आकाराच्या गाळणीतून होतं. म्हणजे ९८ वर क्यू ४ ठेवला तर ११० हर्ट्झचा ए मोजणाऱ्याच्या कानावर पडेपर्यंत जवळपास पावणेतीन डेसिबलने उतरलेला असतो. जी मात्र पूर्ण ताकदीने पोचतो. दोघांतलं अंतर आपसूक वाढतं आणि आपल्याला तेच तर हवं आहे.

मग क्यू ८ ठेवून अंतर आणखी का वाढवू नये? वाढतं, ए साडेसहा डेसिबलने खाली दिसतो. पण गाळणी जेवढी अरुंद तेवढी ती जागी व्हायला वेळ लावते. ९८ हर्ट्झवर क्यू ४ च्या गाळणीला साधारण १३ मिलिसेकंद लागतात, क्यू ८ ला २६. अटॅकचा, म्हणजे कट लागायच्या वेळेचा आकडा कितीही कमी ठेवला तरी हा वेळ त्यात मिळवावाच लागतो. त्यात तार ताणून वाजवली, गिटार किंचित उतरलेली असली, तर स्वर गाळणीच्या कडेला सरकतो आणि कट कधी लागतो, कधी नाही. क्यू ३ ते ५ हा सुरक्षित टापू.

मल्टीबँडला जागा आहे ती मोजमापात सगळाच टापू फुगलेला दिसला तर. वाजवणारा माईकजवळ-माईकपासून लांब असा डुलत असेल आणि खालचा भाग एकूणच चढ-उतार करत असेल, तर ७० ते १६० हर्ट्झचा एक बँड आणि १.५ ते २ चा हलका रेशो हे काम तो फार सफाईने करतो. त्याची किंमतही माहीत असावी. नेहमीचे क्रॉसओव्हर काहीही दाबत नसतानासुद्धा फेज फिरवतात. एकट्या ट्रॅकवर ते क्वचितच कळतं. पण तीच गिटार दोन माईकने, किंवा माईक आणि पिकअप अशी घेतली असेल आणि मल्टीबँड एकाच ट्रॅकवर टाकला, तर दोन्ही मिसळताना खालचा भाग पोकळ होतो. अशा वेळी दोन्ही ट्रॅक एका बसवर, म्हणजे एका सामायिक ट्रॅकवर घेऊन तिथेच प्रक्रिया करायची. डायनॅमिक इक्वलायझरलाही हाच नियम लावा, कारण दोन ट्रॅकवर दोन वेगळे कट वेगवेगळ्या क्षणी लागले तर गिटार डावी-उजवीकडे हलल्यासारखी वाटते.

पुढचं उदाहरण डायनॅमिक इक्वलायझरचं आहे. टोकियो डॉन लॅब्जचा नोव्हा मोफत मिळतो आणि या कामाला पुरून उरतो. मल्टीबँड हवा असेल तर रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत रीएक्सकॉम्प येतोच.

थ्रेशोल्ड लावायची उलटी रीत

बहुतेक जण जी कॉर्ड लूपवर टाकतात, घूं जाईपर्यंत थ्रेशोल्ड खाली ओढतात आणि खूश होतात. मग पूर्ण गाणं लावल्यावर कळतं की कट ई मायनरवरही लागतोय, एवरही लागतोय, म्हणजे साधा इक्वलायझर लावल्यासारखंच झालं. थ्रेशोल्ड दोषी स्वरावरून लावायचा नसतो. तो निर्दोष स्वरांवरून लावायचा, दोषी आपोआप सापडतो.

बँड ९८ हर्ट्झवर, क्यू ४, गेन शून्यावर ठेवा. रेशो ४, अटॅक २५ मिलिसेकंद, रिलीज, म्हणजे कट सुटायचा वेळ, १५० मिलिसेकंद. आता गाण्यातला सर्वांत जोरात वाजलेला भाग निवडा, पण जी नसलेला. मोजमापात जीच्या सर्वांत जवळ आलेला शेजारी तिथे असावा, आपल्या चार कॉर्डांत ई मायनर, आणि गाण्यात कुठे खालचा एही वाजत असेल तर तो. तो लूपवर टाका आणि थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणा. गेन रिडक्शनचा काटा पहिल्यांदा हलला की थांबा, आणि तिथून २ डेसिबल वर जा. झालं. शेजारी आता थ्रेशोल्डच्या खाली सुरक्षित आहेत.

आता जी वाजवा. आकड्यांत पाहायचं तर समजा त्या बँडमध्ये ए −२१ डेसिबलला पोचतो, ई −२३ ला, सी आणि डी त्याहून खाली, आणि जी −१४ ला. काटा −२१ ला हलला, आपण −१९ वर थांबलो. जी त्या रेषेच्या ५ डेसिबल वर आहे. रेशो ४ म्हणजे वरच्या ५ पैकी चौथा हिस्सा, सव्वा डेसिबल, उरतो. बाकी पावणेचार डेसिबल कापले जातात. जी येऊन थांबतो −१७.७५ ला. एपेक्षा अजूनही सव्वातीन डेसिबल वर, आणि ते तसंच असू द्यावं. त्याला एच्या बरोबरीने आणून बसवलं तर जी कॉर्डचा पायाच काढून घेतल्यासारखं वाटतं. कान त्या गिटारच्या जीला थोडा भरदार ऐकायला सरावलेला असतो.

पावणेचार डेसिबल कमी वाटत असतील तर रेशो वाढवा, थ्रेशोल्ड खाली ओढू नका. रेशो वाढवल्याने फक्त जीवर फरक पडतो. थ्रेशोल्ड उतरवला की शेजारी पुन्हा तावडीत येतात. काही इक्वलायझरमध्ये रेशो नसतो, त्याऐवजी ‘जास्तीत जास्त किती कापायचं’ अशी मर्यादा असते. फॅबफिल्टरच्या प्रो-क्यूमध्ये तिसऱ्या आवृत्तीपासून तशी सोय आहे. तिथे मर्यादा ४ ते ५ डेसिबलवर ठेवून थ्रेशोल्ड वरच्याच रीतीने लावायचा, तो आपोआप ठरवण्यावर सोडायचा नाही.

या रीतीचं गणित जी आणि जवळच्या शेजाऱ्यातल्या दरीवर उभं आहे. उदाहरणात ती ७ डेसिबल होती, म्हणून काम सोपं गेलं. दरी ३ डेसिबलची असेल तर वर-खाली करायला जागाच उरत नाही, आणि अशा वेळी यंत्र बदलून काही साधत नाही. जी कॉर्ड जिथे जिथे येते तिथे क्लिप कापून खालच्या भागाला हाताने ऑटोमेशन लावणं हाच प्रामाणिक उपाय. तीन मिनिटांच्या गाण्यात पंचवीस-तीस जी येतील. कंटाळवाणं आहे, पण चुकत नाही.

दुसरी अडचण जोराची. अंतऱ्यात गिटार बोटांनी हळू छेडलेली आणि ध्रुवपदात पिकने झोडपलेली असेल, तर अंतऱ्यातला जी −२२ लाच पोचेल. तो थ्रेशोल्डच्या खाली राहतो आणि कट लागत नाही. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, हळू जी खटकतही नाही. पण आवाज अगदी हळुवार असेल आणि तिथेही घूं जाणवत असेल, तर त्या भागापुरता थ्रेशोल्ड ऑटोमेशनने तेवढाच खाली न्या. दोन भागांत ८ डेसिबलचा फरक असेल तर थ्रेशोल्डही ८ ने खाली. किंवा त्याहून सरळ : अंतऱ्याचा क्लिप गेन आधीच ध्रुवपदाच्या जवळ आणून ठेवा.

अटॅक, रिलीज आणि त्यांच्या चुगल्या

९८ हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन १०.२ मिलिसेकंदांचं असतं. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून लहान ठेवले तर कॉम्प्रेसर स्वराची पातळी न पाहता लहरीच्या प्रत्येक चढ-उताराच्या मागे धावतो. त्यातून खरखर येते. हेडफोनवर ती ‘तार फ्रेटला घासतेय’ अशी भासते आणि माणूस गिटारची सेटिंग तपासत बसतो. म्हणून अटॅक २० च्या खाली नेऊ नका आणि रिलीज १०० च्या.

अटॅक २५ मिलिसेकंद ठेवण्याचं दुसरं कारण थाप. स्ट्रमिंग करताना हाताचा तळवा फळीला लागतो किंवा मुद्दाम थाप दिली जाते, आणि त्या थापेने पोटातली हवा त्याच १०० हर्ट्झच्या आसपास बोलते. कॉर्ड सी असली तरी बँडमध्ये क्षणभर उसळी येते आणि काटा हलतो. थाप थोडक्यात संपते, अटॅक जरा निवांत असला की कट पूर्ण लागायच्या आत ती निघून गेलेली असते. काटा स्वरावर हलतोय की थापेवर, हे ओळखायला बँड एकटा ऐका : स्वर असेल तर लांब ‘ऊं’, थाप असेल तर तुटक ‘ढप्’. थापांमुळेच काटा नाचत असेल तर अटॅक ४० पर्यंत न्या.

रिलीजची चूक कानाला सहज कळते, फक्त कुठे ऐकायचं ते माहीत हवं. जीवर नाही, जीनंतरच्या कॉर्डवर. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत अर्ध्या मात्रेचा एक ठोका ३३३ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज ५०० ठेवला तर जीवरून ई मायनरवर येताना कट अजून लागलेलाच असतो, ई मायनरचा पहिला ठोका बारीक येतो आणि मग हळूहळू भरतो. ई मायनर ‘उशिरा उठते’ असं वाटलं की रिलीज कमी करा. उलट तो फार कमी असेल तर जीच्याच शेपटात पातळी परत उसळते आणि सूर उतरायच्या ऐवजी लटकून राहतो. १२० ते २०० च्या दरम्यान या लयीला बहुतेक वेळा योग्य जागा सापडते.

साखळीत हा बँड मुख्य कॉम्प्रेसरच्या आधी ठेवायचा. मागे ठेवला तर मुख्य कॉम्प्रेसर जीच्या फुगवट्यावर आधीच दचकलेला असतो, जी आली की तारांची चमकही दाबून टाकतो, आणि नंतरचा कितीही नेमका कट ती चमक परत आणत नाही.

आता गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावा आणि फक्त काट्याकडे बघा. तो जीवर ३–४ डेसिबल हलायला हवा आणि इतरत्र जवळजवळ झोपलेला हवा. बहुतेक यंत्रांत कापलेला भागच वेगळा ऐकायची सोय असते. तिथे जी कॉर्डच्या वेळी खोल ‘ऊं’ आणि मध्ये शांतता ऐकू आली तर काम झालं. सलग गुरगुर ऐकू आली तर थ्रेशोल्ड खाली गेलेला आहे.

शेवटी फोनवर ऐका. फोनच्या स्पीकरमधून ९८ हर्ट्झ बाहेरच पडत नाही, तरी जी तिथेही फुगलेला वाटत असेल तर दोषी त्याचा दुसरा हार्मोनिक आहे, १९६ हर्ट्झवरचा. त्याला याच रीतीने दुसरा बँड लावता येतो, पण थ्रेशोल्ड लावताना शेजारी बदलतात. तिसरी तार मोकळी वाजली की तीही १९६ वरच बोलते, आणि ती जीसोबत ई मायनरमध्येही आहे, सीमध्येही आहे. म्हणून इथे लूपवर ए नाही, सी कॉर्ड टाकायची. दरी पुरेशी निघाली तर रेशो २ ठेवून दोनेक डेसिबल काढा. निघाली नाही तर तो बँड बंद करा आणि माईकची जागा बदलून जीचे तेवढे भाग पुन्हा वाजवून घ्या.